रिमूव्हल फ्री, आणि खुर्ची ३ तास २५ मिनिटं अडकलेली: एका अपॉइंटमेंटवरून बदललेली प्राइस लिस्ट

दोन खुर्च्यांचा नेल स्टुडिओ आहे माझा, एका खुर्चीवर मी आणि दुसऱ्यावर माझ्याकडे शिकत असलेली मुलगी, तिला तेव्हा हातात काम घेऊन ८ महिने झाले होते. प्राइस लिस्ट मी सुरुवातीला सगळे करतात तशीच केली होती, म्हणजे आजूबाजूच्या स्टुडिओंचे रेट बघितले आणि त्यांच्यापेक्षा थोडं कमी लिहिलं. एक्स्टेंशनच्या सेटचा एक रेट, रिपेअर एका नखामागे अगदी किरकोळ, आणि नवीन सेट घेतला तर आधीचं काढून देणं फ्री. ही लिस्ट जवळजवळ २ वर्षं चालली. मग एक अपॉइंटमेंट आली, आणि त्या रात्री मी वही घेऊन बसले.

क्लायंटचा मेसेज साधा होता, नवीन सेट हवाय, २ नखं तुटलीत, बाकी ठीक आहेत. आम्ही १२० मिनिटांचा स्लॉट दिला. फोटो मागितला नाही, ही पहिली चूक. ती आली तेव्हा हातावर दुसरीकडे केलेला सेट होता, साधारण ५ आठवडे जुना, कशाचा केलाय ते तिला माहीत नव्हतं, "जेलचं आहे ताई, एवढंच सांगितलं होतं" म्हणाली. रिमूव्हल म्हणजे हलकं काम या समजुतीने मी तो भाग ज्युनिअरकडे दिला आणि माझ्या खुर्चीवरचं काम उरकायला घेतलं.

तिने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. १८० ग्रिटच्या फाइलने वरचा टॉपकोट फोडला, कापसावर ॲसिटोन घेऊन प्रत्येक बोटाला फॉइल गुंडाळलं, १५ मिनिटं थांबली. उघडलं तर वरचा रंग तेवढा सुटलेला, खालचं जसंच्या तसं. तिला वाटलं टॉपकोट नीट फुटला नसेल, म्हणून परत फाइल, परत फॉइल, परत १५ मिनिटं. दुसऱ्यांदाही काही नाही, तेव्हा मला हाक मारली. मी नख दाबून बघितलं आणि लक्षात आलं की हे हार्ड जेल आहे, ॲसिटोनमध्ये ते विरघळतच नाही, कितीही वेळ ठेवा. ते घासूनच काढावं लागतं, मशीनने आणि शेवटचा थर हाताच्या फाइलने. ४० मिनिटं अशीच गेली होती, आणि क्लायंटची बोटं ॲसिटोनने पांढरी कोरडी पडलेली ती वेगळीच.

त्यापुढचं सगळं मी केलं. घासून काढायला ३५ मिनिटं लागली. काढल्यावर कळलं की तुटलेल्या २ नखांपैकी एकाच्या खालच्या खऱ्या नखालाच कडेने भेग गेलीये, आणि तिसऱ्याच एका बोटावर, जिथे जेल उचललं गेलं होतं, तिथे नखावर हिरवट डाग. असा डाग उचललेल्या जेलखाली ओल अडकून बॅक्टेरिया वाढल्याने येतो, त्यावर परत जेल घालायचं नसतं, नख मोकळं ठेवायचं आणि दुखत असेल किंवा डाग हटत नसेल तर डॉक्टरला दाखवायला सांगायचं. म्हणजे सेट ९ नखांचाच झाला.

त्या रात्री वहीत वेळ मांडली ती अशी: बसवणं आणि बोलणं १०, वाया गेलेलं भिजवणं ४०, घासणं ३५, नखांची तयारी १५, एक्स्टेंशन ८०, रंग आणि टॉपकोट २०, आवरणं ५. एकूण २०५ मिनिटं. स्लॉट १२० चा. पुढची क्लायंट अर्धा तास थांबून निघून गेली, आणि मी बिल लावलं एका सेटचं, कारण रिमूव्हल फ्री असं मीच लिहून ठेवलं होतं.

आता हे महाग पडलं की स्वस्त, ते कळायला आधी खुर्चीचं एक मिनिट आपल्याला कितीला पडतं ते माहीत पाहिजे. मला नव्हतं माहीत. पुढे सगळ्या किमती मी मिनिटांतच सांगणार आहे, कारण पैशातला आकडा प्रत्येकीचा वेगळा येणार, पण मिनिटांचा हिशोब सगळीकडे तसाच चालतो, शेवटी आपापल्या मिनिट-दराने गुणलं की झालं.

मिनिट-दर काढताना जवळजवळ सगळ्याजणी चुकतात ती जागा म्हणजे भागायचं कशाने. वर महिन्याचा सगळा खर्च घ्यायचा, भाडं, वीज, पगार, मशीन आणि लॅम्पची झीज, धुलाई, आणि हो, स्वतःचा पगारसुद्धा, मी तो २ वर्षं धरलाच नव्हता, जे उरेल ते माझं असं चाललेलं. फक्त मटेरियल यात घ्यायचं नाही, ते प्रत्येक कामाला वेगळं जोडायचं. खाली मी आधी स्टुडिओ उघडा असतो ती मिनिटं धरली: २ खुर्च्या, रोज ९ तास, २६ दिवस, म्हणजे २८,०८० मिनिटं. दर मस्त कमी आला, मी खूश. पण खुर्चीवर क्लायंट बसलेली असते ती मिनिटं वहीतून काढली तर भरत होती जेमतेम ६० टक्के, म्हणजे साधारण १६,८५० मिनिटं. खर्च तेवढाच, भागणारी मिनिटं कमी, तर खरा दर पहिल्यापेक्षा दीडपटीहून जास्त निघाला. रिकाम्या खुर्चीचं भाडं भरलेल्या खुर्चीनेच द्यायचं असतं, दुसरीकडून ते येत नाही.

हा दर लावून बघितलं तर माझ्या जुन्या लिस्टमधला सेट ११८ मिनिटांच्या किमतीचा होता. त्या दिवशी गेली २०५ मिनिटं, वर मटेरियल जवळजवळ १८ मिनिटांच्या किमतीचं, म्हणजे २२३. मिळाले ११८. एकाच बसण्यात १०५ मिनिटांची तूट, आणि निघून गेलेली क्लायंट यात धरलेलीच नाही.

मग ४ आठवडे आम्ही दोघींनी प्रत्येक कामाची वेळ लिहिली. नियम एकच होता, घड्याळ क्लायंट बसल्यावर सुरू आणि पुढची क्लायंट बसू शकेल तेव्हा बंद. म्हणजे टेबल पुसणं, धूळ काढणं, मशीनचे बिट आणि पुशर धुऊन निर्जंतुक करायला लावणं, सँडिंग बँड फेकून नवीन काढणं हे सगळं आत. ही साफसफाई दर वेळी साधारण १० मिनिटं खाते आणि कुणीच ती कामात धरत नाही, मी पण धरत नव्हते.

मटेरियलसाठी छोटा वजनकाटा घेतला. जेलची डबी कामाआधी आणि कामानंतर काट्यावर ठेवायची, फरक लिहायचा. मध्यम लांबीच्या सेटला माझं जेल साधारण साडेपाच ग्रॅम जात होतं, ज्युनिअरचं ८ ग्रॅमच्या आसपास. हा फरक बघण्यासारखा आहे, कारण ती जास्तीचं जेल नखावर ठेवत नव्हतीच, आधी जाड घालायची आणि मग आकार यावा म्हणून घासून टाकायची. म्हणजे अडीच ग्रॅम जेल धूळ होऊन टेबलावर, आणि ती धूळ करायला वर २० मिनिटं. तिचा मटेरियलचा खर्च आणि वेळेचा खर्च एकाच जागी वाढत होता, जेलचा मणी नखावर किती मोठा घ्यायचा त्या ठिकाणी. ते एकदा दिसल्यावर शिकवायचं काय तेही ठरलं, आकार घासून काढायचा नाही, जेल पसरतानाच बोट उलटं धरून एपेक्स, म्हणजे नखावरचा जेलचा सगळ्यात उंच जाड भाग, बसू द्यायचा.

सगळं मिळून, फॉर्म, प्रायमर, बेस, जेल, रंग, टॉपकोट, फाइल, वाइप्स धरून, एका मध्यम सेटचं मटेरियल १४ मिनिटांच्या किमतीचं निघालं. रिफिलचं, म्हणजे नख वाढल्यावर मागे पडलेली फट भरण्याचं, ९, रिमूव्हलचं ४. मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण आम्ही सगळ्या डोकं लावतो ते जेल कुठलं घ्यायचं, कुठे स्वस्त मिळतं यावर, आणि जेलचा खर्च अर्धा केला तरी सेटमागे वाचणार मोजून काही मिनिटं. एक न विचारता घेतलेलं रिमूव्हल ते सगळं एका दुपारी खाऊन टाकतं.

वेळा अशा आल्या. फॉर्मवर मध्यम लांबीचा जेल सेट, मला ११०, ज्युनिअरला १६५. तिसऱ्या आठवड्यातलं रिफिल मला ७५. चार आठवडे उलटून गेलेलं रिफिल ९५, कारण नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि तेवढाच एपेक्स पुढे सरकतो, मग नुसती मागची फट भरून भागत नाही, पुढचं उतरवून पूर्ण नखाचा तोल परत बांधावा लागतो. जुन्या लिस्टमध्ये या दोन्ही रिफिलना एकच रेट होता.

आता इथे लेव्हलचा प्रश्न येतो, आणि मी इथेच सगळ्यात जास्त दिवस अडकले. सरळ वेळेवर किंमत लावली तर ज्युनिअरचा सेट १६५ आणि माझा ११०. म्हणजे जिचा हात कच्चा आहे तिच्याकडे क्लायंटने जास्त पैसे द्यायचे, आणि मी जितकी चांगली होत जाणार तितकी स्वस्त. हे तर उलटंच झालं. शेवटी ठरवलं की किंमत लागलेल्या वेळेवर लावायची नाही, कामाच्या ठरलेल्या वेळेवर लावायची. प्रत्येक कामाला एक वेळ ठरवायची, तयार हाताच्या नेल टेकला ते काम टिकेल असं करायला जेवढी लागते तेवढी, आणि मग कोण करतंय त्याचा गुणक लावायचा. माझा १.२, ज्युनिअरचा ०.८. गुणक फक्त वेळेला, मटेरियलला नाही, कारण जेल कुणाच्याही हातात तेवढ्याच किमतीचं असतं. माझा सेट मग ११० गुणिले १.२ म्हणजे १३२ अधिक १४, एकूण १४६. तिचा ८८ अधिक १४, म्हणजे १०२. जुना ११८ चा रेट म्हणजे माझ्यासाठी कमी आणि तिच्यासाठी जास्त होता, आणि क्लायंट सगळ्या माझ्याकडेच का मागायच्या तेही यातून कळतं.

पण तिच्या सेटवर स्टुडिओ १६५ मिनिटं घालवून ८८ कमावतो ही गोष्ट राहतेच. ती तूट क्लायंटवर टाकता येत नाही, तो शिकवण्याचा खर्च आहे, म्हणून मी तो महिन्याच्या खर्चात एक वेगळी ओळ म्हणून लिहिला आणि दोन गोष्टी केल्या. तिचे पूर्ण सेट फक्त त्या वेळांना द्यायचे जेव्हा खुर्ची तशीही रिकामी असते, कारण रिकाम्या वेळेत तिने ५५ मिनिटं जास्त घेतली तर कुणाची जागा जात नाही. आणि भरलेल्या वेळांना तिला अशी कामं द्यायची जिथे तिच्या आणि माझ्या वेळेत फरक थोडा आहे. आपलंच लावलेलं जेल पॉलिश भिजवून काढणं मला ३५, तिला ४०. हे तिचं काम.

घासून काढायचं रिमूव्हल मात्र तिचं काम नाही, आणि यावर माझं मत आता एकदम पक्कं आहे. आपल्याकडे शिकाऊ मुलीला पहिल्या दिवसापासून रिमूव्हलला बसवतात, त्यात काय काढायचंच तर आहे म्हणून. पण मशीनने हार्ड जेल उतरवताना बिट एका जागी जरा जास्त टेकला किंवा क्युटिकलजवळ तिरका धरला की खऱ्या नखावर लाल अर्धगोल चर पडते, ती नखाबरोबर वाढत पूर्ण बाहेर जायला महिने घेते. क्लायंटला चटका बसला म्हणजे नख पातळ झालंय किंवा दाब जास्त पडलाय. जेल कुठे संपतं आणि नख कुठे सुरू होतं हे धुळीवरून आणि बिटच्या आवाजावरून समजावं लागतं, जेलची धूळ आणि नखाची धूळ वेगळी दिसते, आणि सगळं खरवडून न काढता एक पातळ थर ठेवून हाताच्या फाइलवर यायचं असतं. हे काम एक्स्टेंशनएवढंच कसबाचं आहे. त्यामुळे लिस्टमध्ये रिमूव्हल आता दोन आहेत, भिजवून काढायचं कुणीही करेल, घासून काढायचं फक्त माझ्या रेटने.

फ्री असल्याने काय होतं तेही वहीतच दिसलं. ज्या कामाला पैसे नाहीत त्याला स्लॉटमध्ये वेळही नसतो, मग ते घाईत होतं, अर्धवट मऊ झालेलं पुशरने उचकटलं जातं आणि त्याबरोबर नखाचा वरचा पापुद्रा निघतो. त्या खरबरीत पातळ नखावर नवीन सेट नीट धरत नाही. त्या ४ आठवड्यांत आम्ही २६ नखं फुकटात रिपेअर केली, त्यातली १५ अशा क्लायंटची होती ज्यांचं रिमूव्हल त्याच दिवशी आणि सेटच्याच स्लॉटमध्ये कोंबलेलं होतं. म्हणजे रिमूव्हल फ्री, आणि त्यामुळे रिपेअरही फ्री.

रिपेअरचा हिशोब सगळ्यात छोटा वाटतो आणि सगळ्यात चुकीचा असतो. एक नख लावायला असं किती, १० मिनिटं, असं मी कुणालाही सांगायचे. घड्याळात आलं ३०. बसवणं, हात स्वच्छ करणं, नख बघणं आणि रंगाची बाटली शोधणं ८, प्रत्यक्ष नख १२, मागची साफसफाई १०. पण दुसऱ्या नखाला मात्र फक्त १२ च, कारण बाकी सगळं एकदाच होतं. म्हणून आता पहिलं नख ३०, पुढचं प्रत्येक १२, आणि रिफिलला आलेली असेल तर पहिलंही १२ च. ३ नखं म्हणजे ५४, ४ म्हणजे ६६. पाचव्याला ७८ होतात आणि तिसऱ्या आठवड्यातलं रिफिलच ७५ चं आहे, तेव्हा ४ च्या पुढे रिपेअर घ्यायचंच नाही, रिफिल सुचवायचं, आणि ५ नखं गेलीत म्हणजे बाकीची पाचही लवकरच जाणार असं समजायचं.

भांडण होतं ते रिपेअर कुणाच्या चुकीचं यावर, म्हणून तुटलेला तुकडा बघायची सवय लावून घेतली. क्लायंटना आता सांगून ठेवलंय की नख पडलं तर तुकडा घेऊन या. तुकड्याची आतली बाजू गुळगुळीत चकचकीत असेल तर जेलने नख धरलंच नव्हतं, तयारीत कमी पडलं, कडेला क्युटिकलची कातडी राहिली किंवा नखावर तेलकटपणा राहिला, ती आमची चूक, ७ दिवसांच्या आत असेल तर पैसे नाहीत. आतल्या बाजूला पांढरट पापुद्रा चिकटून आला असेल तर जेलने नख घट्ट धरलं होतं आणि जोर लावून ते ओढलं गेलंय, कशाततरी अडकून किंवा स्वतःच उचकटून. आणि मधूनच आडवं तडकलं असेल तर एपेक्स कुठे होता ते बघायचं, चुकीच्या जागी किंवा फार पातळ असेल तर परत आमचंच, जागेवर असेल तर मार लागलाय. हे दर वेळी इतकं स्वच्छ वाचता येत नाही. काहींची नखं मुळातच तेलकट असतात, काहींचा हात दिवसभर पाण्यात असतो, तिथे चकचकीत तुकडा आला तरी तयारी बरोबर केलेली असू शकते. तेव्हा संशय असला तर पहिल्यांदा आमच्यावर घेते, दुसऱ्यांदा तेच बोट तेच झालं तर लांबी कमी करायला सांगते.

अनोळखी कामासाठी आता टेस्ट आहे, आणि ती १५ मिनिटांची म्हणून लिस्टमध्ये लिहिलेली आहे. बुकिंगच्या वेळी फोटो मागतो आणि विचारतो की कधी केलं, कशाचं केलं, आधी काढताना भिजवलं होतं की घासलं होतं. उत्तर माहीत नसेल तर आल्यावर एकाच नखाचा टॉपकोट फोडायचा, एकच फॉइल, १० मिनिटं. कडा सुरकुतून उचलल्या गेल्या तर भिजणारं जेल, ३५ मिनिटांचं काम. चिकट मऊ लगदा झाला तर ॲक्रिलिक, ते निघतं पण वेळ घेतं, ५० धरतो. काहीच झालं नाही तर हार्ड जेल, घासणं, ४५. आणि कधीकधी काचेसारखं कडक ॲक्रिलिक येतं जे भिजून अगदी सावकाश सुटतं आणि घासताना उग्र वास येतो, तिथे एमएमए मोनोमर वापरल्याचा संशय घ्यायचा, हा तोच प्रकार ज्याच्या शुद्ध द्रवावर अमेरिकेच्या एफडीएने १९७०च्या दशकात कारवाई केली होती, कारण लोकांना ॲलर्जी आणि नखांना इजा होत होती. तसं काम मी त्याच दिवशी नवीन सेटसकट घेत नाही, रिमूव्हलची वेगळी अपॉइंटमेंट देते.

आता तीच जुनी अपॉइंटमेंट नवीन लिस्टवर मांडून बघू. टेस्ट १५, घासून काढणं ४५, सेट ११०, एक नख मोकळं सोडलं त्याचे ८ वजा, भेग गेलेल्या नखाला फायबर घालून मजबूत केलं त्याचे १२ जमा, एकूण १७४ मिनिटं. गुणिले १.२, म्हणजे २०९. मटेरियल सेटचं १४ आणि रिमूव्हलचं ४, झाले २२७. जुन्या बिलाच्या जवळजवळ दुप्पट. आणि टेस्टमुळे ४० मिनिटांचं भिजवणं झालंच नसतं, म्हणजे खुर्ची तीन तासांच्या आत मोकळी, पुढची क्लायंटही बसली असती.

दुप्पट ऐकल्यावर क्लायंट पळून जाणार नाही का, ही भीती मलाही होती. काहीजणी गेल्या. विशेषतः ज्या दर वेळी दुसरीकडे स्वस्तात सेट करून घ्यायच्या आणि बिघडला की आमच्याकडे फ्री काढायला यायच्या, त्या पहिल्याच महिन्यात गेल्या. खुर्च्या ६० वरून ५५ टक्क्यांवर आल्या, आणि पहिले ३ आठवडे मला झोप लागत नव्हती हे खरं आहे. पण स्लॉट पुढे सरकत जाण्याचं प्रमाण इतकं कमी झालं की वाट बघून निघून जाणाऱ्या क्लायंट जवळजवळ संपल्या, आणि फुकट रिपेअरची नखं पुढच्या ४ आठवड्यांत २६ वरून ९ झाली. ५५ टक्क्यांनी मिनिट-दर थोडा वाढतो, तो मी लगेच लिस्टमध्ये चढवला नाही, ३ महिन्यांनी परत मोजून मग ठरवायचं असं ठेवलं.

बोर्डवर मिनिटं लिहीत नाही. तिथे पैसेच आहेत, गोल केलेले, माझा आणि ज्युनिअरचा रेट शेजारी शेजारी, आणि रिमूव्हलच्या ओळीत लिहिलंय की कशाचं आहे ते बघून किंमत सांगू, आणि सांगितल्याशिवाय सुरू करणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं. लोकांना किंमतीपेक्षा शेवटी कळलेल्या किंमतीचा राग येतो.

ज्युनिअरचा गुणक कधी वाढवायचा यासाठी वर्षं मोजायची नाहीत असं ठरवलंय. तिच्या शेवटच्या १० सेटमधली किती नखं २ आठवड्यांच्या आत परत आली आणि एका सेटला किती ग्रॅम जेल गेलं, एवढं बघते. ३ महिन्यांनी तिची वेळ १६५ वरून १३५ वर आली होती, जेल साडेसहा ग्रॅमवर, पण १० सेटमध्ये ७ नखं परत, म्हणून ०.८ वरच ठेवलं आणि तिला वही दाखवून सांगितलं की वेग आलाय, आता तयारीत जास्त वेळ घे, वेळ वाढली तरी चालेल. त्यानंतरच्या १० सेटमध्ये परत आलेली नखं २ होती, आणि तेव्हा ०.९ केलं.

एका जागी माझा हिशोब अजून नीट बसलेला नाही. रिफिलची सीमा मी ४ आठवड्यांवर ठेवलीये, आणि २९व्या दिवशी येणाऱ्या क्लायंटला एका दिवसासाठी २० मिनिटं जास्त लावणं जड जातं, तिलाही आणि मलाही. शिवाय काहींची नखं इतकी हळू वाढतात की पाचव्या आठवड्यातही एपेक्स जागेवर असतो. सध्या दिवस न बघता क्युटिकलपासूनची मोकळी जागा मोजतेय, ३ मिलिमीटरच्या आत असेल तर ७५, त्याहून जास्त असेल तर ९५. पट्टी टेबलावरच ठेवलीये आणि क्लायंटच्या समोरच मोजते.

ती पहिली क्लायंट ५ आठवड्यांनी परत आली, फोटो आधी पाठवून. हिरवा डाग नखाबरोबर पुढे सरकून जवळजवळ कापण्याच्या टोकाला आला होता, भेगेचं नख धरून होतं. पट्टी लावली, साडेतीन मिलिमीटर. "मग ९५ वालं ना ताई?" तिनेच विचारलं, आणि मोकळं सोडलेलं नख या वेळी करून घ्यायचं की अजून थांबायचं ते बघायला हात पुढे केला. मी म्हटलं अजून एक रिफिल थांबू, आणि ९ नखांचंच काम सुरू केलं.